धनुर्वात: तुटलेला कासरा

भीमा आणि घोड नद्यांच्या काठाने, दौंड-शिरूरच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली की कोयता, माती, बैल आणि शेण एकाच फडात येतात. समजा, बुडख्याशी घाव घालताना कोयता निसटला आणि मजुराच्या घोट्याला लागला. जखम बोटभर. हळद भरून वर चिंधी घट्ट बांधली आणि काम पुढे चालू राहिले. आठव्या दिवशी भाकरी चावताना त्याचा जबडा उघडेना. दाढ धरली असेल म्हणून त्याने एक गोळी घेतली. पायाच्या जखमेचा संबंध तोंडाशी कोण जोडणार?

धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे पडून राहतात. लोखंडाच्या गंजाचा दोष नसतो. खोल, बुजलेल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या जखमेत त्यांना अंकुर फुटतो. जंतू मात्र जखम सोडून कुठेच जात नाहीत. प्रवास करते ते त्यांचे विष.

हे विष रक्तातून आणि लसीकेतून अंगभर पसरते आणि स्नायूंपाशी येणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरते. मज्जातंतू म्हणजे नुसती विजेची तार नव्हे. टोकाकडचा माल पेशीच्या मूळ ठाण्याकडे वाहून नेणारी एक वाहतूक त्यात अखंड चालू असते. विष तिच्यावर स्वार होते. वेग तासाला काही मिलिमीटर. दहा धरले, तर पावलापासून पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूपर्यंतचे सुमारे मीटरभर अंतर कापायला चार दिवस लागतील. जबड्याचा मज्जातंतू आखूड, म्हणून तेथले विष मुक्कामी आधी पोचते. जखम घोट्याला असली तरी दातखीळ पहिली बसते, मग मान, पाठ आणि पोट, ती यामुळेच.

मुक्कामी पोचल्यावर विष स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीत थांबत नाही. तिच्यातून बाहेर पडून ते शेजारच्या पेशीत शिरते, आणि ही शेजारीण लगाम धरणारी असते. हात दुमडताना दंडाचा पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागच्याला सैल सोडायचे काम तिचे. ग्लायसीन आणि गाबा ही रसायने सोडून ती हुकूम आवरते. रसायनांच्या बारीक पिशव्या पेशीच्या कडेला चिकटवून रित्या करण्यासाठी सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचे प्रथिन लागते. विष नेमके तेच कापते. कासरा तुटतो, बैल दोन्ही बाजूंनी ओढू लागतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून जोरकस, म्हणून शरीर मागे वाकून धनुष्य होते. स्नायूंना हुकूम मिळत नाही असे नाही, ते आवरणारे कोणी उरत नाही. दार वाजले, अंगाला हात लागला, दिवा लागला तरी आचका येतो, आणि रोगी पूर्ण शुद्धीवर असतो. या आजारातले सगळ्यात क्रूर मला हेच वाटते.

आता बोट्युलिनम पाहू. त्याचा जंतू धनुर्वाताच्या जंतूचा सख्खा भाऊबंद, पण त्याचे विष बहुधा बिघडलेल्या, हवाबंद अन्नातून पोटात जाते. तेही मज्जातंतूच्या टोकात शिरते, पण मुख्यतः तिथेच ठाण मांडते. स्नायूला हुकूम पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन तेथून सुटेनासे होते. पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, मग हातपाय लुळे पडतात. 1992 साली इटलीतील पादुआच्या शियाव्हो, मोंतेकुक्को आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की धनुर्वाताचे विष आणि बोट्युलिनमचा ‘ब’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन एकाच जागी, एकाच बंधावर कापतात. (‘अ’ प्रकार दुसरे प्रथिन कापतो, परिणाम तोच.) कात्री एकच, दोराही एकच. फरक कुठल्या घरात जाऊन कापले, एवढाच. एका घरी आवरणारा मुका होतो, दुसऱ्या घरी हुकूम देणारा.

ताठरपणा दिसला म्हणून धनुर्वातच असेल असे नाही. कुचल्याचे विषही ग्लायसीनचाच मार्ग अडवते आणि तसेच आचके आणते. पण ते तासाभरात सुरू होते आणि दोन आचक्यांमध्ये अंग बहुधा सैल पडते. धनुर्वातात जबडा मधल्या वेळातही घट्टच राहतो.

विषाच्या या प्रवासाचा हिशेब वैद्यकाला उपयोगी पडतो. 1959 साली पटेल आणि जोग यांनी रोगाची तीव्रता मोजण्याची एक पद्धत मांडली. जखमेपासून पहिल्या लक्षणापर्यंत सात दिवस किंवा कमी, आणि त्या लक्षणापासून पहिल्या आचक्यापर्यंत 48 तास किंवा कमी गेले असतील, तर धोका जास्त धरायचा. विष भरपूर असले की ते लवकर पोचते.

मज्जातंतूत शिरलेल्या विषावर मात्र कुठलेही प्रतिविष चालत नाही. तयार प्रतिपिंडांची सुई रक्तात मोकळे फिरणारे विष तेवढे निकामी करते. ज्याने पूर्वी लस घेतलेलीच नाही, त्याला जखमेच्या दिवशी दिलेली नेहमीची धनुर्वाताची सुई लगेच राखत नाही, कारण तिच्यावर शरीराने प्रतिपिंडे तयार करायला वेळ लागतो. घाणेरडी, खोल जखम असेल तर अशा माणसाला दोन्ही सुया लागतात. दातखीळ बसल्यावर उरते ते जखम साफ करणे, स्नायू सैल करणारी औषधे, शांत आणि अंधारी खोली, आणि गरज पडली तर श्वासाचे यंत्र. पेशी नवी टोके फुटवतात, त्याला कित्येक आठवडे जातात. वाचलेल्या मजुराला घरी सोडतानाही लस द्यावीच लागते. आचके आणणारे विष मात्रेने इतके थोडे असते, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही, आणि पुढच्या हंगामात तोच कोयता लागला तर तो पुन्हा तितकाच उघडा असतो.