त्याच चौदा तासांचा खर्च

भोसरीत किंवा शिरोलीत असतो तसा एक छोटा इंजिनिअरिंग कारखाना डोळ्यांसमोर आणा. विभाग दोनच. मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनं आहेत. त्यांचा घसारा, वीज, देखभाल धरून महिन्याचा ओव्हरहेड ६ लाख रुपये. असेंब्लीत टेबलं, पाने आणि माणसं; तिथला ओव्हरहेड २ लाख. कामगारांचे तास मशीन शॉपमध्ये १,००० आणि असेंब्लीत ४,०००.

हा ८ लाखांचा खर्च प्रत्येक जॉबवर बसवायचा कसा? बहुतेक ठिकाणी सोपी वाट धरतात: एकूण ओव्हरहेडला एकूण ५,००० तासांनी भागायचं आणि कामगाराच्या दर तासाला १६० रुपये लावायचे. हा सरसकट दर.

आता एक जॉब येतो. मशीन शॉपमध्ये कामगाराचे १० तास, असेंब्लीत ४. माल आणि मजुरी ९,००० रुपये. सरसकट दरानं १४ तासांचा ओव्हरहेड २,२४० आणि जॉबची किंमत ११,२४०. त्यावर वीस टक्के नफा धरून मालक साधारण १३,५०० चं कोटेशन देतो आणि ऑर्डर मिळाली म्हणून खूश होतो.

पण मशीन शॉपचा खर्च माणसामुळे नव्हे, मशीनमुळे होतो. तिथे एक कामगार दोन मशीनं सांभाळतो, म्हणजे महिन्याचे मशीन-तास २,००० आणि दर तासाला ३०० रुपये. असेंब्लीचा स्वतःचा दर ५० रुपये. या जॉबनं मशीनचे २० तास घेतले: त्याचे ६,०००, असेंब्लीचे २००. खरी किंमत १५,२००. ज्या कोटेशनवर नफा दिसत होता, त्यात १,७०० रुपयांचा तोटा आहे.

उलट, मशीनवर एकच कामगार-तास आणि असेंब्लीत १३ तास लागणाऱ्या जॉबवरही सरसकट दरानं तेच २,२४० बसतात. विभागवार हिशेबानं होतात १,२५०. हे काम आपण महाग सांगतो आणि ते दुसऱ्याकडे जातं.

खरा धोका इथे आहे. कामांचं प्रमाण अंदाजाप्रमाणे राहिलं तर दोन्ही पद्धतींनी ८ लाख वसूल होतात, त्यामुळे चूक हिशेबात दिसत नाही. पण स्वस्त सांगितलेली मशीनची कामं ओढली जातात, असेंब्लीची निसटतात, मशीन शॉप रात्रपाळीतही भरलेलं आणि असेंब्लीची टेबलं रिकामी. असं चित्र दिसलं की जुनी कोटेशनं काढून कुठल्या प्रकारची कामं मिळाली आणि कुठली गेली, ते वेगळं करून पाहावं.

विभागवार दरांनाही मेहनत लागते. भाडं जागेच्या क्षेत्रफळावर, कँटीनचा खर्च माणसांच्या संख्येवर वाटावा लागतो, आणि या वाटपात थोडा अंदाज असतोच. मशीनच्या तासांची नोंद रोज ठेवावी लागते. एकच वस्तू बनत असेल, किंवा सगळे जॉब दोन्ही विभागांत सारख्याच प्रमाणात वेळ घेत असतील, तर एवढा खटाटोप नको. तिथे सरसकट दर पुरतो.