तासगाव साताऱ्यात कसं गेलं? फोटोतल्या टेबलची गंमत

समजा, पावसाच्या छापील तक्त्याचा फोटो तुमच्याकडे आहे. डावीकडे ‘सातारा’ हा एकच उभा खाना आणि त्याच्या शेजारी कराड, वाई, फलटण. खाली ‘सांगली’चा तसाच खाना, शेजारी तासगाव, मिरज, जत. वर ‘पाऊस (मिमी)’ हे एक शीर्षक ‘जून’ आणि ‘जुलै’ या दोन रकान्यांवर पसरलेलं.

मोबाइलच्या एक्सेल ॲपमध्ये `Data From Picture` वापरून फोटो टाकला, की आकडे बऱ्यापैकी येतात. देवनागरी मात्र नीट वाचली जात नाही, त्यामुळे नावं हातानेच टाका. सहाच तर आहेत!

खरी गडबड जोडलेल्या खान्यात होते. ॲपला ओळी दिसतात, पण ‘हा खाना तीन ओळींचा आहे’ हे त्याला बऱ्याचदा कळत नाही. छापताना ‘सातारा’ हा शब्द खान्याच्या मधोमध असतो, म्हणून तो वाईच्या ओळीत येऊन बसतो आणि ‘सांगली’ मिरजेच्या. कराड आणि तासगावसमोर रिकामं!

आता बरेच जण रिकाम्या खान्यात वरचं नाव भरतात. त्यासाठी `E2` मध्ये ‘जिल्हा’ लिहून `E3` मध्ये हे टाकायचं आणि खाली `E8` पर्यंत ओढायचं:

```
=IF(A3="",E2,A3)
```

निकाल बघा. कराडसमोर चक्क ‘जिल्हा’ येतं आणि तासगाव साताऱ्यात जातं. (1949 पर्यंत ते खरंच सातारा जिल्ह्यात होतं म्हणा, पण आपला तक्ता आजचा आहे.) एक्सेल कुठेही एरर दाखवत नाही. जिल्ह्यांची बेरीज तेवढी गुपचूप चुकते.

म्हणून आधी फोटो उघडा आणि प्रत्येक उभ्या खान्याची वरची रेघ कुठल्या तालुक्यापाशी आहे ते पाहा. नाव उचलून त्या पहिल्या ओळीत ठेवा: ‘सातारा’ कराडसमोर, ‘सांगली’ तासगावसमोर. मग तोच फॉर्म्युला बरोबर चालतो. पहिल्या ओळीत ‘जिल्हा’ दिसलं, तर नाव अजून चुकीच्या जागी आहे असं समजा.

शीर्षकाचंही तेच. ‘पाऊस (मिमी)’ एकाच रकान्यावर येतं आणि दुसरा नुसता ‘जुलै’ राहतो. मोजणीच्या शीटमध्ये दोन्ही ओळी एक करून ‘पाऊस जून’, ‘पाऊस जुलै’ असं लिहा, नाहीतर सॉर्ट करताना शीर्षकाची एखादी ओळ आकड्यांत मिसळू शकते.

मूळ तक्त्यासारखे जोडलेले खाने हवेत? मग दुसऱ्या शीटवर कॉपी करून तिथे `Merge` करा. मर्ज केल्यावर फक्त सगळ्यात वरचं-डावीकडचं मूल्य उरतं, बाकीची पुसली जातात. त्यामुळे मर्ज फक्त जिल्ह्याच्या रकान्यात आणि शीर्षकात. पावसाच्या आकड्यांना हात लावायचा नाही.