'हे सरोवर… हे सरोवर…' कसं टाळाल?

हा परिच्छेद बघा: 'लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. हे सरोवर उल्कापाताने तयार झाले. या सरोवराचे पाणी खारे आहे. हे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले.'

चुकीचं काहीच नाही, पण वाचताना हजेरी घेतल्यासारखं वाटतं. अशा वेळी बरेच जण मध्ये 'तसेच', 'शिवाय', 'विशेष म्हणजे' पेरतात. त्याने सुरुवात बदलते, वाक्य मात्र आतून तसंच राहतं.

त्यापेक्षा पत्ता विशेषणात घाला आणि पुढची वाक्यं वेगवेगळ्या ठिकाणांहून उचला:

'बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने तयार झाले. पाणी खारे आहे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले.'

नवीन जोडशब्द एकही नाही. पहिली दोन वाक्यं एक झाली, तिसऱ्यात सरोवर गृहीत धरलं, चौथं काळापासून सुरू झालं. मराठीत क्रियापदाच्या अगदी आधीच्या जागेवर सहसा जोर पडतो, म्हणून 'गुलाबी' हा शब्द तिथे ठेवला. बातमी तारखेची असेल तर 'पाणी गुलाबी झाले ते जून २०२० मध्ये' असं फिरवा.

शेवटच्या वाक्यात नुसतं 'ते' चाललं नसतं. सरोवर आणि पाणी दोन्ही नपुंसकलिंगी, त्यामुळे गुलाबी नेमकं काय झालं हे वाचकाला कळलं नसतं. अशा ठिकाणी नाम परत आलं तरी चालेल.

तपासायला सोपी युक्ती: प्रत्येक वाक्याचे फक्त पहिले दोन शब्द ओळीने वाचा; तेच शब्द परत परत आले तर वाक्य बदला. मुद्दाम ठेक्यासाठी केलेली पुनरुक्ती असेल, तर तिला हात लावू नका.