सपाट माथ्याच्या लाटा

घरी कथावाचन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: साधं बोलणं स्वच्छ येतं, पण गोष्टीतलं पात्र ओरडलं की आवाज फाटतो. असं रेकॉर्डिंग ऑडेसिटीसारख्या एडिटरमध्ये उघडा आणि ओरडण्याची जागा झूम करा, लाटेचं एकेक वळण दिसेपर्यंत. शांत वाक्यात लाटेचे माथे गोलसर किंवा निमुळते असतात. ओरडण्यात मात्र ते वरून आणि खालून सुरीने छाटल्यासारखे सपाट दिसतात. हेच क्लिपिंग.

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाच्या लाटेची उंची पुन्हा पुन्हा मोजून लिहिलेले आकडे. सीडीच्या दर्जात सेकंदाला 44,100 मोजमापं होतात आणि 16 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा -32,768 ते 32,767 यांच्या आतच बसावा लागतो. समजा, ओरडताना लाट 45,000 पर्यंत चढली. एवढा आकडा लिहायला जागाच नाही, म्हणून 32,767 लिहिला जातो. लाट पुन्हा मर्यादेत उतरेपर्यंत पुढच्या प्रत्येक मोजमापालाही तोच. पडद्यावर त्याचा सपाट माथा होतो.

छाटलेल्या जागी लाटेला तीव्र कोपरे येतात, आणि ते कोपरे म्हणजे मूळ आवाजात नसलेले नवे, वरचे स्वर. 200 हर्ट्झचा शुद्ध स्वर दोन्ही बाजूंनी सारखा छाटला तर त्यात 600, 1000, 1400 हर्ट्झचे स्वर मिसळतात. माणसाच्या आवाजात मुळातच अनेक स्वर असल्यामुळे ही भर फारच गुंतागुंतीची होते. आपल्याला ऐकू येणारी कर्कश खरखर तीच.

मग बहुतेक जण एडिटरमध्ये आवाज कमी करतात. त्याने माथे खाली येतात, पण सपाटच राहतात आणि खरखरही जात नाही. म्हणून मर्यादेच्या बऱ्याच खाली सपाट माथे दिसले, तर समजावं की छाटणी आधीच झाली आहे: मायक्रोफोनच्या प्रीअँपमध्ये, किंवा कुणीतरी नंतर आवाज उतरवण्यापूर्वी. ऑडेसिटीत `Clip Fix` नावाचा इफेक्ट आहे. तो आजूबाजूची वळणं पाहून हरवलेल्या माथ्याचा अंदाज बांधतो. दोनचार ठिकाणी थोडंसंच छाटलं गेलं असेल तर काम भागतं. अख्खं वाक्य फाटलं असेल तर ते पुन्हा वाचण्याला पर्याय नाही.

खरा उपाय रेकॉर्डिंगच्या आधीचा आहे. चाचणी घेताना आपण हळू बोलतो, तिथेच घात होतो. मजकुरातलं सर्वांत मोठ्याने म्हणायचं वाक्य त्याच जोमाने म्हणा आणि त्याचे माथे मीटरवर -12 ते -6 डेसिबलच्या दरम्यान राहतील इतकाच गेन ठेवा. -6 म्हणजे पूर्ण उंचीच्या साधारण निम्मं. लाट बारीक दिसली तरी घाबरू नका. कमी पातळीवर नीट टिपलेला आवाज नंतर वाढवता येतो.