तीस सेकंदांत मोबाइल रिपेअरिंगची ऑफर

पहिला गैरसमज असा, की तीस सेकंदांत डिस्प्ले, बॅटरी, सॉफ्टवेअर, ॲक्सेसरीज सगळं सांगता येतं. वस्तुस्थिती अशी, की मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर सेकंदाला साधारण दोनच शब्द बसतात. म्हणजे साठ शब्द, आणि दृश्यांना श्वास हवा असेल तर पन्नासच. एवढ्यात एकच काम नीट सांगून होतं.

सुरुवात फीत कापण्याने आणि दुकानाच्या नावाने व्हायला हवी, हाही गैरसमजच. स्टेटस बघणाऱ्याचा अंगठा दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पुढे सरकतो. त्याला थांबवते ती त्याच्या स्वतःच्या फोनची अडचण. बार्शीच्या बसस्थानकासमोर नवं दुकान उघडतंय असं धरू. संहिता अशी होईल:

०–४ सेकंद. केबल वाकडी धरलेला हात, चार्जिंगची खूण येते-जाते. "केबल वाकडी धरली तरच फोन चार्ज होतो?"

४–११. चिमट्याने पोर्टमधून धुळीचा गोळा निघतो. "बऱ्याचदा पोर्टमध्ये फक्त खिशातली धूळ अडकलेली असते."

११–२२. कारागीर ग्राहकाला जुना जॅक दाखवतो. "२ ते ८ तारखेपर्यंत तपासणी आणि सफाई मोफत. जॅक बदलावा लागला तर मजुरी नाही, फक्त पार्टचे पैसे, तेही आधी सांगून."

२२–३०. दुकानाची पाटी, समोर एसटी. "बार्शी बसस्थानकासमोर, सकाळी दहा ते रात्री नऊ."

तिसरा गैरसमज सर्वांत महागात पडतो: 'सर्व रिपेअरिंगवर ५०% पर्यंत सूट' म्हटलं की गर्दी होते. पण डिस्प्लेची किंमत मॉडेलवर आणि ओरिजिनल की कॉपी यावर ठरते. मूळ दरच माहीत नसताना ग्राहकाला निम्मी सूट मोजता येत नाही, आणि काउंटरवर 'तुमच्या मॉडेलला नाही' ऐकून तो परत जातो. 'मजुरी नाही' हे मात्र त्याला लगेच कळतं. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार अट दाव्याच्याच भाषेत आणि स्पष्ट दिसेल अशी हवी, आणि खोटा दावा तळटीप टाकून सावरता येत नाही. म्हणून 'फक्त पार्टचे पैसे' ही अट वरच्या संहितेत बोलूनच टाकली आहे.

आवाज आहे, मग अक्षरं कशाला, असंही वाटतं. पण बसमध्ये, ऑफिसात कितीतरी जण आवाज बंद ठेवून बघतात. ऑफर, तारखा आणि पत्ता पडद्यावर लिहा, पण अगदी तळाशी नको. रील्समध्ये तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो. आणि 'आजपासून आठवडाभर' असं कधीच लिहू नका. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ पंधरा दिवसांनीही फिरत असतो, तेव्हा पडद्यावरची तारीख आकड्यांत, महिन्यासकट हवी.