पाकिटावरचा बॅच नंबर : अन्न बाजारातून परत मागवले जाते तेव्हा तो काय सांगतो?

औषधाची गोळी घेताना बरेच जण आता एक्स्पायरी बघतात. मसाल्याचे पाकीट, बिस्किटाचा पुडा किंवा बाळाच्या दूध पावडरचा डबा घेतानाही तारखेकडे नजर जाते. पण तारखेच्या शेजारीच छापलेल्या बॅच नंबरकडे फारसे कोणी बघत नाही. एखादा पदार्थ सदोष निघाला आणि तो परत मागवला गेला, तर तुमच्या घरातले पाकीट त्यातले आहे की नाही हे त्या नंबरवरूनच कळते. म्हणून तो काय असतो, कुठे उपयोगी पडतो आणि कुठे कमी पडतो, ते समजून घेऊ.

बॅच म्हणजे नेमके काय?

एकाच कच्च्या मालातून, एकाच यंत्रावर, एका ठरावीक वेळात तयार झालेला माल म्हणजे एक बॅच. काही कंपन्या यालाच लॉट म्हणतात. एका बॅचमधल्या सगळ्या पाकिटांचे नशीब सारखे असते, असे धरून चालतात. त्यातल्या एका पाकिटात दोष सापडला, तर बाकीच्या पाकिटांतही तो असण्याची शक्यता खूप असते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिरचीपासून बनवलेल्या मालात तो असेलच असे नाही.

जानेवारी २०२५ मधले उदाहरण घ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पतंजली फूड्स या कंपनीला लाल तिखटाची एक बॅच परत मागवायला सांगितले. कीटकनाशकाचा अंश ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला होता. बॅच नंबर होता AJD2400012. माल होता २०० ग्रॅमच्या पाकिटांचा, एकूण ४ टन. हिशेब केला तर ही सुमारे २० हजार पाकिटे होतात. कंपनीचे बाकीचे तिखट दुकानात राहू शकले, कारण दोष कोणत्या मालात आहे हे त्या एका नंबराने दाखवून दिले. नंबर नसता तर दोनच मार्ग उरले असते : सगळेच तिखट उचलायचे, किंवा काहीच उचलायचे नाही.

कारखान्यापासून कुर्डुवाडीच्या दुकानापर्यंत

परत मागवणे कसे चालते ते पाहू. कारखान्यात प्रत्येक बॅचची नोंद असते : कोणत्या पुरवठादाराचा कोणता माल वापरला आणि तयार माल कोणत्या वितरकाला गेला. त्या वितरकाकडे पुढच्या घाऊक व्यापाऱ्याची नोंद असते आणि घाऊक व्यापाऱ्याकडे किराणा दुकानदाराची. प्रत्येकाने फक्त आपल्या मागचा एक आणि पुढचा एक दुवा सांगायचा, की साखळी जुळते. २०१७ च्या नियमांनुसार कंपनीने किरकोळ दुकानदारापर्यंतच्या वितरणाची बिले आणि नोंदी, मालाची मुदत संपल्यानंतरही किमान एक वर्ष जपून ठेवायच्या असतात.

प्रत्यक्षात ही साखळी दोन ठिकाणी सैल असते. पहिली जागा बिलाची. औषधाच्या बिलावर बॅच नंबर लिहिलेला असतो. किराणा मालाच्या बिलावर मात्र बहुतेक वेळा फक्त नाव, वजन आणि किंमत असते. समजा, सोलापूरच्या वितरकाने आपल्या कुर्डुवाडीतल्या दुकानदाराला १० तारखेला तिखटाची दोन खोकी दिली. ती कोणत्या बॅचची होती हे बिलावर नाही. मग वितरक तारखेवरून अंदाज बांधतो, की सदोष बॅच ५ ते १५ तारखेदरम्यान गोदामात होती, म्हणून त्या दिवसांत माल घेतलेल्या सगळ्या दुकानांना कळवा. दुकानदाराला मग फळीवरचे एकेक पाकीट उलटून नंबर बघावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे तुमचे घर. दुकानातून पाकीट तुमच्या पिशवीत पडले की नोंद संपते. तुम्ही ते नेले हे कंपनीलाही माहीत नसते आणि सरकारलाही. तिथून पुढे माग काढायला पाकिटावरचा नंबर तेवढा उरतो. आणि पाकीट फोडून तिखट डब्यात ओतले की आपण तोच नंबर कचऱ्यात टाकतो.

दोष कच्च्या मालात असेल तर?

समजा, सोलापुरी शेंगा चटणी करणाऱ्या एखाद्या कारखान्यात शेंगदाण्याची खराब पोती आली. ते दाणे सोमवारच्या चटणीत गेले, मंगळवारच्याही गेले, आणि उरलेल्या कुटातून गुरुवारी लाडू झाले. आता दोष एका बॅचचा राहिला नाही. ती पोती कोणकोणत्या बॅचमध्ये गेली याची वही असेल, तर तेवढ्याच तीन बॅच परत मागवता येतात. वही नसेल, तर त्या आठवड्याचा सगळा माल संशयित ठरतो.

अमेरिकेत २००८-०९ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. शेंगदाण्याचे पदार्थ पुरवणाऱ्या एकाच कंपनीच्या मालात साल्मोनेला जंतू सापडले. तो माल इतर कंपन्यांच्या बिस्किटांत, चॉकलेटांत, आइस्क्रीममध्ये गेलेला होता. शेवटी ३,९०० पेक्षा जास्त प्रकारचे पदार्थ परत मागवावे लागले. म्हणून 'आमच्या घरी त्या कंपनीचे काही नाही' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सूचनेत दुसऱ्या कंपन्यांची नावे आणि बॅच दिल्या आहेत का, तेही वाचा.

नंबर बरोबर, पण वेळ निघून गेलेली

बॅच नंबरची मर्यादा २०१५ च्या मॅगी प्रकरणात दिसली. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी इथे मार्च २०१४ मध्ये नमुना घेतला गेला. कोलकात्याच्या प्रयोगशाळेने त्यात शिसे १७.२ पीपीएम असल्याचे सांगितले. मर्यादा २.५ होती. त्या बॅचचा माल परत घेण्याचा आदेश निघाला तो एप्रिल २०१५ च्या अखेरीस. पण ती बॅच फेब्रुवारी २०१४ ची होती आणि तिची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्येच संपलेली होती. परत मागवायला बाजारात काही उरलेच नव्हते.

पुढे जूनमध्ये एफएसएसएआयने देशभर, आणि आपल्या एफडीएने महाराष्ट्रात बंदी घातली. कंपनीने सुमारे २७ हजार टन मालाची मोजणी करून तो उचलायला घेतला. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले आणि कंपनीकडच्या नमुन्यांची तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला सांगितले. त्यात शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

तपासणीचा निकाल माल खाऊन झाल्यावर आला, तर अचूक नंबरही उपयोगाचा नसतो. आणि एखाद्या बॅचच्या नमुन्यात दोष आढळला म्हणजे सगळ्या बॅच सदोष, असेही लगेच म्हणता येत नाही. म्हणून बातमी ऐकली की आधी विचारा : कोणती बॅच?

घरी काय करावे?

नंबर शोधायचा कुठे, हा पहिला प्रश्न. तो बहुधा रंगीत छपाईत नसतो. नंतर शिक्क्यासारखा मारलेला असतो : पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर, बाटलीच्या मानेवर किंवा डब्याच्या तळाशी. तिथे 'बॅच नं.', 'लॉट नं.' किंवा इंग्रजीत B. No. असे लिहिलेले असते. अगदी छोट्या पुड्यांवर तो नसेल, तर ज्या मोठ्या पॅकमधून त्या आल्या त्यावर बघा.

पाकीट कापताना शिक्का नसलेल्या बाजूने कापा. डब्यात ओतणार असाल तर शिक्क्याची पट्टी कापून डब्याच्या झाकणाला आतून किंवा बाहेरून चिकटवा. शिक्क्याची शाई हाताने पुसली जाते, म्हणून बाळाच्या दूध पावडरसारख्या पदार्थाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा. फोटोत बॅच नंबर, तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक तिन्ही यायला हवेत. एकाच नावाचा माल वेगवेगळ्या कारखान्यांत बनतो, आणि तो कोणत्या कारखान्याचा हे परवाना क्रमांकावरून ठरवता येते.

जुन्या तिखटावर नवे तिखट ओतू नका. दोन बॅच एकत्र झाल्या की कोणती कुठली हे कोणालाच सांगता येत नाही आणि सगळा डबा टाकावा लागतो. तुमचे पाकीट परत मागवलेल्या बॅचमधले निघाले तर ते दुकानात परत द्या. ऊन दाखवून, भाजून किंवा उकळून कीटकनाशक वा विषारी अंश जातो असे समजू नका.

खाऊन झाले असेल तर?

हे दोष कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. कीटकनाशकाचा अंश किंवा शिसे यांच्या मर्यादा दीर्घकाळ खाण्याचा विचार करून ठरवलेल्या असतात. एक-दोन वेळच्या भाजीतून ते पोटात गेले म्हणून लगेच काही होत नाही. वापर थांबवा, घाबरून तपासण्या करत सुटू नका. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल आणि तो पदार्थ रोज खाल्ला जात असेल, तर डॉक्टरांशी बोला.

जंतूंचा दोष असेल तर गोष्ट वेगळी. उलट्या थांबत नाहीत, शौचातून रक्त पडते, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, नजर धूसर होते किंवा गिळायला त्रास होतो, यातले काहीही असेल तर लगेच दवाखान्यात या. दोन-तीन महिन्यांच्या आतले बाळ तापले, दूध ओढेनासे झाले किंवा मलूल झाले, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि येताना पाकीट घेऊन या, उरलेल्या पदार्थासकट. दवाखान्यात 'काय खाल्ले?' याचे उत्तर मिळते, पण पाकीट बहुतेक वेळा फेकलेले असते. मग उपचार होतात, माग मात्र लागत नाही. पाकीट हातात असेल तर एफडीएच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करताना तुम्ही बॅच नंबर सांगू शकता. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच बॅचचे न फोडलेले पाकीट दुकानातून नमुना म्हणून घेता येते, आणि तेच पाकीट दुसऱ्या घरी जाण्याआधी थांबवता येते.