बारा प्रकरणे, तीस दिवस आणि कोरा कागद

बारावीच्या इतिहासाची उजळणी बहुतेक जण पहिल्या पानापासून सुरू करतात. युरोपातील प्रबोधनाला चार-पाच दिवस मिळतात, ओळीखाली रेघा मारून पाने रंगतात आणि परीक्षा दोन दिवसांवर आली तरी शीतयुद्ध, बदलता भारत ही शेवटची प्रकरणे तशीच राहतात. मग रात्र जागून घोकंपट्टी. राज्य मंडळाच्या पुस्तकात प्रकरणे बारा, हाताशी दिवस तीस. वर्षभरात पुस्तक एकदा वाचून झालेले असेल, तर रोज दीड तासात हे बसते. मात्र वेळापत्रक वाचण्याचे न करता आठवण्याचे करायला हवे.

यामागचे कारण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात दिसते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. उजळणीत नेमकी हीच फसगत होते. पान ओळखीचे वाटते म्हणून ते येते असे आपण धरून चालतो आणि पेपरात ‘सकारण स्पष्ट करा’ समोर आले की दुसऱ्या ओळीवर हात थांबतो.

आता महिना मांडू. प्रकरणांच्या सहा जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला तीन दिवस द्या. पहिल्या दिवशी एक प्रकरण, दुसऱ्या दिवशी दुसरे. तिसऱ्या दिवशी नवीन काहीच वाचायचे नाही: पुस्तक मिटून दोन्ही प्रकरणे कोऱ्या कागदावर उतरवायची, त्याच बैठकीत आधीच्या जोडीचाही कागद पुन्हा लिहायचा. तीन जोड्या झाल्या की दहावा दिवस रिकामा. तो आजारपणासाठी, पाहुण्यांसाठी, राहून गेलेल्यासाठी. उरलेल्या तीन जोड्या एकोणिसाव्या दिवशी संपतात; विसावा पुन्हा रिकामा. एकविसाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत रोज दोन प्रकरणे, क्रम मोडून: आधी कागद, मग फक्त गाळलेल्या भागापुरते पुस्तक. सत्ताविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी तीन तास घड्याळ लावून ऐंशी गुणांचा पूर्ण पेपर. मधला दिवस पहिल्या पेपरातल्या चुकांसाठी, शेवटचा फक्त स्वतःचे कागद चाळण्यासाठी.

जोड्या पुस्तकाच्या क्रमानेच लावायला हव्यात असे नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या लगेच मागे महायुद्धांचे प्रकरण घेतले, तर १९४२ हे साल पाठ करावे लागत नाही. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. जपान भारताच्या दाराशी आला, ब्रिटनला भारताचे सहकार्य हवे झाले म्हणून त्याच मार्चमध्ये क्रिप्स दिल्लीत आले. बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. चार घटना आणि त्यांच्यामधली कारणे एवढे कागदावर आले की टीप लिहिता येते, मत नोंदवा हा प्रश्नही सुटतो. तसेच भारताचे एकीकरण आणि जगाचे निर्वसाहतीकरण शेजारी ठेवा. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, हे एकदा एकाच कागदावर लिहिले की पोर्तुगालचा हट्ट वेगळा समजावून घ्यावा लागत नाही.

सनावळ्यांची भीती सर्वांत मोठी असते. सगळ्या पाठ करू नका. १८८५, १९०५, १९२०, १९३०, १९४२, १९४७ ही खुंट्यांसारखी घट्ट ठोका. बाकीच्या घटना त्यांच्या अलीकडे-पलीकडे कारणासह लावा. रौलट कायदा आणि जालियनवाला बाग १९१९ चे, कारण असहकार त्यांच्यानंतर उभा राहिला.

कागद तपासताना एक गोष्ट नीट पाहा. पहिल्यांदा काही सुटले तर तो विसर असतो. तीच जागा दुसऱ्यांदाही कोरी राहिली तर बहुधा तिथले कारणच समजलेले नाही. चौरीचौरा घटना लिहिली, पण १९२२ मध्ये आंदोलन ऐन भरात असताना गांधीजींनी ते का थांबवले हे दर वेळी गळते. अशा ठिकाणी पुन्हा लिहून काही साधत नाही. तेवढा परिच्छेद सावकाश वाचावा, शिक्षकांना विचारावे आणि उत्तर स्वतःच्या दोन वाक्यांत मांडावे.

आठवड्यात दोन दिवस बुडालेच, तर पहिला मोह कागद वगळून वाचन उरकण्याचा होतो. त्याच्या उलट करा. प्रकरणाचे वाचन अर्ध्यावर आणा, मथळे आणि कारणे तेवढी बघा, पण तिसऱ्या दिवसाचा कागद सोडू नका.